क्रमांक चारच्या शंकेचे उत्तर

माझे शिक्षण इयत्ता नववीपर्यंतच झाले. इंग्रजी मला अक्षरे जुळवून वाचता येते, अर्थ मात्र दुसऱ्याला विचारावा लागतो. असे असूनही एका इंग्रजी पत्राच्या जडणघडणीत मी आरंभापासून अखेरपर्यंत उपस्थित होतो, आणि त्यातील एका उत्तराचा भार माझ्याच शिरावर होता. ती हकीकत जशी घडली तशी लिहून ठेवावी, या हेतूने लेखणी हाती धरली आहे.

माझे नाव केरबा. देवणी तालुक्यातील एका लहानशा गावी मी राहतो. बावीस वर्षे मी गावच्या दूध संकलन केंद्रावर माप घेण्याचे काम केले. ते केंद्र बंद पडल्यावर वर्षभर घरीच होतो. त्या सुमारास शिवकन्याताई आमच्या गावी आल्या. ताई उदगीरच्या, वय अठ्ठावीस, नांदेडच्या विद्यापीठात प्राणिशास्त्र विषयात पीएच.डी. करीत होत्या. त्यांचा विषय देवणी गाय हा होता. देवणी गाय वासराला पाजल्याशिवाय पान्हा सोडत नाही. तेव्हा वासराने किती प्यायले आणि घरच्यांच्या भांड्यात किती आले, याचा हिशेब त्यांना मांडायचा होता. यासाठी एका सरकारी प्रक्षेत्रावरील गायी आणि आमच्या गावच्या बारा गायी त्यांनी निवडल्या. गावच्या बारा गायींचे दूध रोज सकाळ-संध्याकाळ काट्यावर तोलून वहीत लिहिण्याचे काम त्यांनी माझ्यावर सोपविले. एकशे ऐंशी दिवस मी ते केले. ताई मला मामा म्हणत.

त्या नोंदींवरून ताईंनी इंग्रजीत एक शोधनिबंध लिहिला आणि एका नियतकालिकाकडे पाठविला. नियमाप्रमाणे माझ्या नोंदींची मूळ फाईलही सोबत जोडली. चार महिन्यांनी त्यांचा नांदेडहून फोन आला.

"मामा, निबंध परत आलाय."

मी विचारले, "नापास झाला का, ताई?"

"नापास नाही. दोन परीक्षकांनी वाचला. दोघांनी शंका विचारल्यात. एकेका शंकेला उत्तर द्यायचं, निबंध दुरुस्त करायचा, मग ते पुन्हा वाचणार. पहिला परीक्षक सज्जन आहे. दुसरा मात्र हात धुऊन मागं लागलाय."

"नाव काय त्याचं?"

"नाव कळत नसतं, मामा. नुसतं 'परीक्षक क्रमांक दोन'."

ज्याला पाहिले नाही, ज्याचे नावही ठाऊक नाही, त्याच्याशी भांडायचे तरी कसे, हे मला उमगेना. ताईंनी सांगितले की, उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे. उत्तराचा कच्चा खर्डा तयार आहे. येत्या रविवारी लातूरला उमाशंकर सरांच्या घरी तो तपासून घ्यायचा आहे. तरी मूळ वह्या घेऊन मी तेथे यावे. हा निबंध स्वीकारला गेल्याखेरीज प्रबंध दाखल करू द्यायचा नाही, असे त्यांचे मार्गदर्शक डॉ. आनंदराज सर यांनी बजावले होते. म्हणजे ताईंच्या चार वर्षांच्या कष्टाचा निकाल त्या पत्रावर अवलंबून होता.

रविवारी सहाही वह्या कापडी पिशवीत बांधून मी एस.टी.ने उदगीरमार्गे लातूर गाठले. उमाशंकर सर हे ताईंच्या आईचे मावसभाऊ. आयुष्यभर त्यांनी इंग्रजी शिकविले. आता निवृत्त झाल्यावर डॉक्टर-प्राध्यापक मंडळी आपापले इंग्रजी लिखाण त्यांच्याकडून तपासून नेतात. त्यांचे घर डाळ मिलच्या मागील गल्लीत आहे. तेथे दारे-खिडक्या बंद केल्या तरी तुरीच्या टरफलाचा बारीक भुगा टेबलावर येऊन बसतो. सर दर पाच मिनिटांनी उपरण्याने ताईंचा लॅपटॉप पुसत होते.

"शरणार्थ, केरबा. या, बसा," सर म्हणाले. "तुम्ही तर या निबंधाचे खरे मालक."

"कशाचा मालक, सर. मी निस्ता तोलणारा."

ताईंनी पडद्यावर पत्र उघडले. त्याची रीत अशी होती. परीक्षकाची शंका काळ्या अक्षरांत जशीच्या तशी लिहायची. तिच्याखाली निळ्या अक्षरांत आपले उत्तर. आणि उत्तराअखेर निबंधात कोणत्या पानावर, कोणत्या ओळीत बदल केला ते नमूद करायचे. परीक्षकाला शोधाशोध करावी लागू नये, हा त्यामागील हेतू. मला ही पद्धत फार आवडली. मनुष्याचे बोलणे आधी पूर्ण मांडायचे आणि मगच आपण बोलायचे, हा शिरस्ता आमच्या ग्रामसभेत असता तर किती बरे झाले असते!

"मोबाईलमधल्या अ‍ॅपनं व्याकरण तपासलंय, सर," ताई म्हणाल्या. "एक चूक दाखवत नाही आता."

"अ‍ॅपला स्वल्पविराम कळतो. माणसाचा राग कळतो का?" सरांनी चष्मा चढविला. "ही बघ, दुसरी शंका. परीक्षक म्हणतो, वासरू दूर बांधून धार काढावी आणि मोजमाप पुन्हा करावं. तू काय लिहिलंयस? 'परीक्षकांना या गायीचा स्वभावच समजलेला नाही.' व्याकरण अगदी बरोबर. पण हे वाचून तो पुढचं एक अक्षर तरी प्रेमानं वाचेल का?"

"पण खरंच समजलेलं नाही त्यांना!"

"हाव, न्हाई समजलं," मी मध्येच बोललो. "वासरू दूर बांधल्यावर देवणी धार देती व्हय? लाथ देती!"

सर मोकळेपणाने हसले. "केरबाचं उत्तर सगळ्यात चांगलं आहे, पण इंग्रजीत बसणार नाही. लिही. 'या सूचनेबद्दल आम्ही आभारी आहोत. ही गोष्ट आमच्या मूळ लिखाणात पुरेशी स्पष्ट झाली नव्हती.' म्हणजे दोष आपल्या अंगावर घेतला. पुढं, 'या जातीच्या गायी वासराच्या सान्निध्याविना पान्हा सोडत नसल्यानं, प्रचलित पद्धतच अभ्यासाचा विषय आहे. म्हणून आम्ही ती आदरपूर्वक कायम ठेवत आहोत.' आणि त्याच्या खाली दोन जुन्या अभ्यासांचे संदर्भ दे."

"म्हणजे नाहीच म्हणायचं."

"नाहीच म्हणायचं. पण त्याला बसायला पाट देऊन."

अशा रीतीने एकेक उत्तर पुढे सरकू लागले. जेथे ताईंनी "अर्थातच" लिहिले होते तेथे सरांनी ते काढले, कारण त्यातून समोरचा मूर्ख ठरतो. एके ठिकाणी ताईंनी तीनदा क्षमा मागितली होती. सरांनी दोन क्षमा उडवल्या. "इतकं वाकलं की तो समजतो, यांच्याकडं उत्तरच नाही," ते म्हणाले. प्रत्येक उत्तर पक्के झाले की ताई त्याचा मराठी अर्थ मला सांगत आणि मी वहीतील तारीख किंवा गायीचा क्रमांक पडताळून देई. स्वयंपाकघरातून लक्ष्मम्मा, म्हणजे सरांच्या पत्नी, मधूनमधून डोकावत. "ऊटा आयता?" असे त्या कानडीत विचारत आणि कोणीच जेवलेले नाही हे पाहून पुन्हा आत जात.

मग चौथी शंका आली.

ताईंनी ती वाचली आणि त्यांचा आवाज चढला. "हे ऐका, मामा. हा माणूस म्हणतो, गावातल्या बारा गायींच्या एकशे ऐंशी दिवसांच्या नोंदीत एकही दिवस रिकामा नाही. खेड्यातल्या परिस्थितीत हे विश्वास ठेवण्यासारखं नाही. ज्या दिवशी धार काढली गेली नाही, त्या दिवशी काय लिहिलं ते स्पष्ट करा. करता येत नसेल तर गावाच्या सगळ्या नोंदी निबंधातून वगळा."

"वगळल्या तर?" सरांनी विचारले.

"मग उरतंय काय? नुसतं प्रक्षेत्र. तसले निबंध पन्नास आहेत. माझा निबंधच गावाचा आहे." ताईंनी आपले उत्तर वाचून त्याचा अर्थ सांगितला. "मी लिहिलंय, 'आमचे नोंदकार श्री. केरबा यांना दूध मोजण्याचा बावीस वर्षांचा अनुभव आहे. त्यांनी एकही दिवस चुकवला नाही. प्रत्येक आकडा काट्यावर पाहूनच लिहिलेला आहे. या कष्टावर शंका घेणं अन्यायाचं आहे.'"

"अन्याय काढ," सर म्हणाले. "बाकीचं राहू दे, ठाम आहे. केरबा, बरोबर आहे ना सगळं?"

वाचकांस सांगावयास मला लाज वाटते, परंतु मी म्हणालो, "हाव, सर."

त्या एका शब्दानंतर पुढच्या दोन शंकांचे काय झाले ते मला आठवत नाही. ताई तारखा विचारीत होत्या, मी पाने उलटीत होतो, आणि प्रत्येक वहीत महिन्यातून एकदा तो दिवस मला दिसत होता. आमच्या गावी अवसेला, म्हणजे अमावास्येला, गायीची धार काढीत नाहीत. त्या दिवशी सकाळ-संध्याकाळचे सारे दूध वासराचे. पहिल्या अवसेला मी काटा घेऊन चतुराबाईच्या गोठ्यात गेलो, तेव्हा ती ओसरीतूनच ओरडली होती, "आज आवस हाय, ठावं न्हाई व्हय? काटा घिऊन कुणीकडं?" मी म्हणालो, वहीत काय लिहू? तेव्हा तिने विचारपूर्वक उत्तर दिले, "गाय तीच, चारा त्योच. कालच्याइतकंच लिव्ह की." बाराही घरी मला थोड्याफार फरकाने हेच उत्तर मिळाले, आणि मी ते लिहिले. दूध संकलन केंद्रावर असताना तपासनीस साहेब वहीतील प्रत्येक रिकाम्या रकान्याभोवती तांबडे वर्तुळ काढीत आणि चारचौघांत विचारीत, "केरबा, झोपला होतास का?" बावीस वर्षांत माझ्या मनाने एवढेच पक्के धरले होते की, रिकामा रकाना हा कामचुकारपणाचा पुरावा होय. मालकाने सांगितलेला आकडा लिहिणे यात मला त्या वेळी खोटे काही वाटले नाही. खोटे आहे हे मला त्या दिवशी, ताईंच्या तोंडून माझी स्तुती ऐकताना कळले.

लक्ष्मम्मांनी ताटे वाढली. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी. ताईंनी स्वतःच्या हाताने माझ्या ताटात तूप वाढले आणि सरांना म्हणाल्या, "मामांना एकदा ताप होता, सर. तरी तापातसुद्धा बाराही गोठे फिरले. त्या दोन नंबरला काय माहीत!"

माझा घास हातातच राहिला.

"ताई," मी म्हणालो, "त्यो माणूस बराबर बोलतोय."

"कोण?"

"दोन नंबर. सहा दिस मी तोललं न्हाई."

भाकरी तशीच ठेवून मी सारे सांगितले. अवस, चतुराबाई, बारा घरे, सहा महिने. लक्ष्मम्मा दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्याच राहिल्या. माझे बोलणे संपल्यावर ताईंनी उष्टा हात तसाच धरून डाव्या हाताने मोबाईलमधील दिनदर्शिका काढली आणि मला वह्या आणावयास सांगितले. सहा अवसांच्या सहा तारखा. प्रत्येक तारखेला बाराही गायींचे आकडे आदल्या दिवसाच्या आकड्यांशी जुळत होते.

"बाहत्तर," ताई पुटपुटल्या. "मी फाईल किती वेळा पाहिली असेल! मला दिसलं नाही. त्याला संशय तरी आला." मग एकाएकी त्यांचा आवाज फुटला. "मामा, मी विचारलं तेव्हा 'हाव' का म्हणालात? मघाशी? मी तुमच्या नावानं लिहिलं होतं ते!"

मला सुचले ते असे होते की, तुम्ही माझे नाव इतक्या मानाने लिहिले होते, ते मोडावयास माझी जीभ वळली नाही. परंतु ते बोलून दाखविण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. ताई उठल्या, हात धुतला आणि अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. मी उठू लागलो तर लक्ष्मम्मांनी मला खांद्याला धरून बसविले. "ताटावरनं उठायचं न्हाई. खा आधी. रडायचं असंल तर खाताखाता रडा."

सर जेवण आटोपून टेबलाशी गेले होते. त्यांनी पाच-सात मिनिटे काही लिहिले आणि ताईंना आत बोलावले.

"शिवा, एक वाक्य बघ. 'संपूर्ण अभ्यासकाळात नोंदी नियमितपणे ठेवण्यात आल्या. मोजमापाची पद्धत स्पष्ट करणारा परिच्छेद जोडला आहे.' यात काही खोटं नाही. नोंदी ठेवल्याच होत्या. उद्धटपणा नाही, व्याकरणाला धक्का नाही. परीक्षक पुढं जाईल."

ताईंनी ते दोनदा वाचले. त्यांचा चेहरा पाहून मला समजले की, ते वाक्य उत्तम जमलेले आहे. चार वर्षांचे कष्ट एका वाक्याने वाचत होते. त्यांनी मान वर करून मला त्याचा मराठी अर्थ सांगितला, जसा त्या सकाळपासून प्रत्येक उत्तराचा सांगत होत्या.

मी विचारले, "ह्याच्यात माझं खोटं कुठं हाय, ताई?"

"कुठंच नाही."

"मंग ते गेलं कुठं?"

सरांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढविला. "चाळीस वर्षं पोरांना शिकवलं," ते हळूच म्हणाले, "की भाषा अर्थ सांगण्यासाठी असते. आणि आज भाचीच्या मायेपोटी तिचा पडदा करायला निघालो." त्यांनी ते वाक्य स्वतःच पुसून टाकले.

ताईंनी डॉ. आनंदराज सरांना फोन लावला. निबंधावर त्यांचेही नाव असल्यामुळे त्यांना कळविणे आवश्यक होते. ताई बोलत होत्या आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. पलीकडून काय आले ते फोन ठेवल्यावर कळले. "सर म्हणाले, ते बाहत्तर आकडे काढा, गणित पुन्हा करा, जसं आहे तसं लिहा. नाकारला तर दुसरीकडं पाठवू. लपवून छापला तर मात्र माझं नाव काढून टाका." एवढे सांगून ताई माझ्याकडे वळल्या. "आणि म्हणाले, केरबांना म्हणावं, ज्यांनी सांगितलं तेच पुढंही नोंदी ठेवतील."

मग खरे काम सुरू झाले. ताईंनी ते बाहत्तर रकाने रिकामे केले आणि गणित पुन्हा चालविले. रोजची सरासरी दोन पूर्णांक सत्याऐंशी शतांश किलोची दोन पूर्णांक अठ्ठ्याऐंशी शतांश किलो झाली. म्हणजे जवळपास तीच. परंतु सहा महिन्यांचे एकूण दूध मात्र प्रत्येक गायीमागे सुमारे सोळा किलोंनी घटले, कारण त्या सहा दिवसांचे दूध घरात आलेच नव्हते. निबंधाच्या आरंभीच्या सारांशातील पाचशे सतरा किलो हा आकडा ताई मोठ्या अभिमानाने सांगत असत. त्याचे पाचशे एक झाले. ताईंनी तो आकडा खोडताना ओठ घट्ट मिटले होते.

"आता उत्तर," सर म्हणाले. "दोन गोष्टी हव्यात. जिथं चुकलो तिथं वाकायचं. जिथं बरोबर आहोत तिथं उभं राहायचं. एकाच परिच्छेदात दोन्ही नको, दोन करू."

पहिला परिच्छेद झाला तो असा. "या काळजीपूर्वक विचारलेल्या प्रश्नाबद्दल आम्ही परीक्षकांचे मनापासून आभारी आहोत. त्यांची शंका योग्य होती. या गावात अमावास्येला गायींची धार काढली जात नाही. सर्व दूध वासराला सोडले जाते. अशा सहा दिवशी आम्ही प्रत्यक्ष मोजमापाऐवजी मालकांनी सांगितलेले आकडे नोंदविले होते. या चुकीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. सदर बाहत्तर नोंदी आता वगळल्या असून तक्ता तीन, तक्ता चार व सारांश दुरुस्त केला आहे."

"ताई, 'आम्ही' कशापायी?" मी म्हणालो. "मी लिव्हले आकडे. माझं नाव घाला की. स्तुतीत घातलं होतं, हितंबी घाला."

"नाही घालत, मामा. निबंध आम्ही लिहिला, फाईल आम्ही पाठवली. अवसेला काय करता, हे तुम्हाला मी कधी विचारलं होतं? रकाना कोरा ठेवला तरी चालतो, हे तरी सांगितलं होतं का?" त्या टंकन करीतच बोलत होत्या, माझ्याकडे पाहत नव्हत्या. "नाव आभाराच्या जागी आहे. तिथंच राहणार."

मी तोंड फिरवून खिडकीतून मिलच्या पत्र्यांकडे पाहत बसलो.

दुसऱ्या परिच्छेदाला अधिक वेळ लागला. गावाच्या नोंदी वगळण्यास नकार द्यायचा होता, आणि तोही चूक कबूल केल्यानंतर. ताईंनी प्रथम लिहिले की, उरलेल्या नोंदी पूर्णपणे विश्वासार्ह आहेत. सरांनी विचारले, "कशावरून? तू म्हणतेस म्हणून?" तेव्हा मी आठवण करून दिली की, त्या सहा महिन्यांत ताई न कळविता बावीस वेळा गावात आल्या होत्या आणि त्यांनी स्वतः काटा धरून वेगळी नोंद केली होती. न कळविता येण्याचा तेव्हा मला थोडा राग आला होता, हे मी सांगितले नाही. ती डायरी ताईंच्या पिशवीतच होती. सर आकडे वाचत गेले, ताई माझ्या वहीतून पडताळीत गेल्या. सारे जुळले. केवळ एके दिवशी पन्नास ग्रॅमचा फरक निघाला, कारण त्या दिवशी गायीने पाय झाडून थोडे दूध सांडले होते आणि ते मी शेऱ्यात लिहिलेले होते.

"हे घाल," सर म्हणाले. "शेऱ्यासकट."

आणि ताईंनी लिहिले: "तथापि, गावाच्या सर्व नोंदी वगळण्याच्या सूचनेशी आम्ही आदरपूर्वक असहमत आहोत. उर्वरित दोन हजार अठ्ठ्याऐंशी नोंदी काट्यावर प्रत्यक्ष तोलून केलेल्या आहेत. पूर्वसूचना न देता केलेल्या बावीस भेटींतील स्वतंत्र मोजमापाशी त्या जुळतात; ही तुलना पुरवणी तक्त्यात दिली आहे. पाहा पान सात, ओळी एकशे बारा ते एकशे सव्वीस."

सरांनी संपूर्ण पत्र मोठ्याने वाचून काढले. एके ठिकाणी अडखळले, तेथे वाक्य तोडून दोन केली. अ‍ॅपने 'असहमत' या जागी अधिक सौम्य शब्द सुचविला. "याला सांग, गप बस," सर म्हणाले, आणि शब्द तसाच ठेवला. दुपारी चार वाजता दुरुस्त निबंध, बदल दाखविणारी प्रत आणि पत्र, अशा तिन्ही गोष्टी ताईंनी पाठविल्या. ताई मला बसस्थानकापर्यंत रिक्षाने सोडावयास आल्या. वाटेत बोलणे फारसे झाले नाही. बस सुटताना त्या खिडकीशी येऊन म्हणाल्या, "पोचल्यावर फोन करा. आणि मामा, मला राग आलेला आहे अजून. उद्यापर्यंत जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. राग गेला होता असे म्हणवत नाही, परंतु अर्धा तास त्या चतुराबाईच्या गायीविषयी विचारीत होत्या.

त्यानंतर सात आठवडे उत्तर आले नाही. त्या काळात माझी जी अवस्था झाली तिचे वर्णन करीत नाही. घरच्यांनी विचारले तर मी पोट दुखते असे सांगे. सातव्या आठवड्याच्या अखेरीस ताईंनी नांदेडला बोलाविले. विद्यापीठातील त्यांच्या विभागात मी प्रथमच गेलो. भिंतीवर निरनिराळ्या प्राण्यांची हाडे टांगलेली होती. ताईंनी लॅपटॉप माझ्यासमोर वळविला, जणू मला वाचता येणार होते.

"पहिल्या परीक्षकानं स्वीकारावा म्हटलंय. दुसऱ्यानं लिहिलंय: 'लेखकांच्या प्रामाणिक उत्तरानं माझं समाधान झालं. नोंदी वगळण्याची सूचना मी मागं घेतो.'"

मी विचारले, "मंग झालं का, ताई? पास झाला?"

"जवळजवळ. एकच बारीक गोष्ट उरलीय. त्याला अवसेच्या प्रथेवर दोन-तीन ओळी हव्यात. वासराच्या वाढीसाठी ही माहिती महत्त्वाची आहे म्हणतो. ही प्रथा कोण पाळतं, कशासाठी, आणि किती वर्षांपासून? हे उत्तर तुम्ही सांगा. मी फक्त इंग्रजी करते."

मी सावरून बसलो. मला वाटले, येथे काहीतरी भारदस्त सांगावे. पूर्वजांचा काळ, शेकडो वर्षे, असे काही. चतुराबाईला विचारले असते तर तिने तत्काळ एक आकडा दिला असता. परंतु मी शब्द जुळवीत सावकाश सांगितले, आणि ताई टंकीत गेल्या: "आमच्या गावातील सर्व घरे ही प्रथा पाळतात. महिन्यातून एक दिवस वासराने पोटभर प्यावे, असे वडीलधारे सांगत आले. शेजारच्या गावांत ती पाळतात की नाही, हे आम्ही पाहिलेले नाही. ती किती वर्षांपासून आहे, हे आम्हांस ठाऊक नाही."

ताईंनी इंग्रजी करून फोनवरून उमाशंकर सरांना वाचून दाखविले. पलीकडून सरांचा आवाज मलाही ऐकू आला.

"केरबा, शेवटचं वाक्य कुणी सुचवलं?"

"कुणी न्हाई, सर. ठावं न्हाई म्हणून न्हाई म्हणलं."

"यात बदलण्यासारखं काही नाही. पाठव, शिवा."

ताईंनी माझ्याकडे पाहिले, आणि लॅपटॉप थोडा माझ्या बाजूला सरकवून कोणते बटण दाबायचे ते बोटाने दाखविले. मी ते दाबले.